वजनकाटा कुठे ठेवला आहे?

२००६ साली ब्रिटनमधल्या एनएचएसच्या २१ मानसिक आरोग्य संस्थांनी स्वतःच्याच फायली उघडून पाहिल्या. गंभीर मानसिक आजार असलेल्या, पण रुग्णालयात दाखल नसलेल्या, घरी राहून औषधं घेणाऱ्या १,९६६ रुग्णांच्या त्या नोंदी होत्या. प्रश्न अगदी साधा होता : गेल्या वर्षभरात या माणसाचा रक्तदाब, रक्तातली साखर, रक्तातली चरबी आणि वजन यांची कुठे नोंद आहे का? चारही नोंदी सापडल्या त्या फक्त ११ टक्के रुग्णांच्या.

त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. साखरेची तपासणी २८ टक्के रुग्णांची झाली होती, रक्तदाब २६ टक्क्यांचा नोंदला होता आणि लिपिड २२ टक्क्यांचे. वजन किंवा लठ्ठपणाचं कुठलंही माप मात्र १७ टक्के फायलींतच होतं. ज्याला सुई लागत नाही, लॅब लागत नाही, पैसे लागत नाहीत, तीच तपासणी सगळ्यात मागे पडली होती. मला याचं कारण असं दिसतं की रक्ताच्या तपासणीला तिची स्वतःची वाट असते. चिठ्ठी लिहिली जाते, लॅबमध्ये नंबर लागतो, रिपोर्ट येतो. वजन करणं हे मात्र सगळ्यांचं काम असतं, म्हणून ते कुणाचंच नसतं.

ही पाहणी म्हणजे संशोधन नव्हतं, क्लिनिकल ऑडिट होतं. तसं ऑडिट आपल्याकडच्या एखाद्या मानसोपचार ओपीडीत करायचं झालं, तर त्याचा प्रस्ताव कसा लिहावा आणि तो कुठे फसतो, हे या लेखात पाहू. त्याआधी वजन एवढं महत्त्वाचं का, ते समजून घ्यावं लागेल.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार अशा विकारांवर दिल्या जाणाऱ्या अँटीसायकोटिक औषधांपैकी काही औषधं मेंदूतलं भुकेचं गणित बदलतात. पोट भरल्याचा निरोप ज्या रासायनिक खुणांनी पोचतो, त्यांतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही जागा ही औषधं अडवतात. माणूस जेवून उठतो आणि तासाभरात पुन्हा डबे उघडतो. घरच्यांना वाटतं, आता बरं वाटायला लागलंय म्हणून भूक लागतेय. ओलांझापिन आणि क्लोझापिन या बाबतीत सगळ्यात पुढे आहेत, रिस्पेरिडोन आणि क्वेटियापिन मधल्या रांगेत, तर ॲरिपिप्राझोल आणि जुनं हॅलोपेरिडॉल बरीच मागे. साखरेवरचा परिणाम काही वेळा वजन न वाढताही होतो. म्हणून नुसत्या वजनावर भागत नाही, रक्तही तपासावं लागतं.

इथे कुणी गोळ्या बंद करण्याच्या विचारात असेल, तर त्याने थांबावं. फिनलंडमध्ये देशभरातल्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अँटीसायकोटिक औषधं अजिबात न घेणाऱ्या रुग्णांपेक्षा ती दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, आणि सर्वांत कमी आढळलं ते क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये, म्हणजे वजन सर्वांत जास्त वाढवणाऱ्या औषधावर. औषध हवंच आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. धूम्रपान, बसून राहणं, खुद्द आजार आणि औषध या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. त्यातला औषधाचा वाटा आपल्याला वेळेवर दिसू शकतो, म्हणून तो पाहायचा.

वेळेवर म्हणजे केव्हा? वजन सर्वांत वेगाने वाढतं ते सुरुवातीच्या काही आठवड्यांत. समजा, २३ वर्षांच्या एका तरुणाला ओलांझापिन सुरू झालं. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५४ किलो, बीएमआय २१. पहिल्या महिन्यात पाच टक्के वाढ झाली तर ती पुढच्या मोठ्या वाढीची सूचना मानतात. त्याच्यासाठी पाच टक्के म्हणजे २.७ किलो, म्हणजे काट्यावर ५६.७. एवढ्या फरकाने शर्टाचं बटणसुद्धा ताणत नाही. तिसऱ्या महिन्यात तो ६० किलोवर येतो. डॉक्टर मान वर करून पाहतात, समोर चांगला सडपातळ मुलगा बसलेला आहे. कुणालाही काही गैर वाटत नाही. पण सहा किलो म्हणजे मूळ वजनाच्या ११ टक्के वाढ झाली आहे, आणि बीएमआय २३.४ झाला आहे. युरोपीय माणसासाठी तो ठीक असतो, कारण तिथे जास्त वजनाची रेषा २५ला आहे. आपल्या लोकांत कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून भारतीयांसाठी ती रेषा २३ला धरतात आणि २५पासून लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

आता याच मुलाचं पहिल्या दिवशीचं वजन केसपेपरवर लिहिलेलंच नाही असं समजा. तिसऱ्या महिन्यातल्या ६० या आकड्याला मग काही अर्थ उरत नाही. म्हणून ऑडिटमध्ये सर्वांत जास्त भार औषध सुरू करतानाच्या नोंदीवर असतो. पुढची चुकलेली तपासणी उशिरा का होईना करता येते. सुरुवातीचं वजन एकदा निसटलं की परत मिळत नाही.

हे सगळं डॉक्टरांना माहीत नसतं का? असतं. २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या नव्या पिढीच्या माहितीपत्रकात साखर वाढण्याचा इशारा घालायला लावला. २००४च्या सुरुवातीला तिथल्या मधुमेह आणि मनोविकार संघटनांनी मिळून तपासण्यांचं वेळापत्रक प्रसिद्ध केलं. त्यानंतर कॅलिफोर्निया, मिसुरी आणि ओरेगॉन या तीन राज्यांतल्या मेडिकेड या सरकारी योजनेच्या लाखाहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. इशाऱ्याआधी औषध सुरू करताना २७ टक्के रुग्णांची साखर तपासली जात होती, आणि इशाऱ्यानंतर त्यात वाढ झाली नाही. लिपिड तपासणी जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी सरकली. माहिती पोचली होती, पण ओपीडीतली सकाळ तशीच राहिली होती. ऑडिटची गरज इथे लागते, कारण ऑडिट डॉक्टरला काय माहीत आहे हे विचारत नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता या खोलीत प्रत्यक्षात काय झालं, एवढंच ते विचारतं.

आता प्रस्ताव. एखाद्या जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी डोळ्यांसमोर ठेवू. प्रस्तावात पहिल्यांदा ठरवायचं ते कुणाला मोजायचं. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत ज्यांना नव्याने अँटीसायकोटिक सुरू झालं, असे लागोपाठचे ४० प्रौढ रुग्ण घेऊ. ‘लागोपाठचे’ हा शब्द प्रस्तावात असलाच पाहिजे. निवडायची मुभा ठेवली की नीट लिहिलेल्या फायलीच आधी हाताला लागतात, आणि हे मुद्दाम न करताही होतं. फायली काढायच्या त्या जुलैच्या मध्यावर, म्हणजे मार्चअखेर औषध सुरू झालेल्या शेवटच्या रुग्णाचे बारा आठवडे आणि वर दोन आठवड्यांची सवलत पूर्ण होते. त्याआधी फायली काढल्या तर ज्यांची तपासणी अजून व्हायचीच आहे त्यांनाही आपण नापास करून बसू. गर्भवतींच्या वजनाचा आणि घेराचा हिशोब वेगळा असल्याने त्यांना या मोजणीतून वगळावं, आणि तसं आधीच लिहून ठेवावं.

मग निकष. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१४ची सूचना पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन करा असं सांगते. आपल्या ओपीडीत रुग्ण महिन्यातून एकदा येतो. त्यामुळे अमेरिकी वेळापत्रकातले चौथा, आठवा आणि बारावा हे आठवडे आपल्याला जुळतात. सोय पाहून निकष पातळ करणं वेगळं आणि दोन मान्य वेळापत्रकांतलं आपल्याला झेपणारं निवडणं वेगळं. तर पहिला निकष असा : औषध सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड यांची नोंद, शिवाय घरात कुणाला मधुमेह आहे का याची विचारणा. दुसरा : चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला वजन. तिसरा : बाराव्या आठवड्याला रक्तदाब, साखर आणि लिपिड पुन्हा. आणि चौथा, जो बहुतेक प्रस्तावांत राहून जातो : जिथे माप बिघडलेलं आढळलं तिथे काय केलं त्याची नोंद. वर्षातून एकदा करायच्या तपासण्यांचं ऑडिट जुन्या रुग्णांवर स्वतंत्रपणे करावं. दोन्ही एकात घुसडलं की आकड्यांचा अर्थ लागत नाही.

प्रत्येक निकषाला शब्दांची चौकट घालावी लागते. ‘साखर तपासली’ म्हणजे नेमकं काय? केसपेपरवर डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली हे एक. रुग्णाने रक्त दिलं हे दुसरं. रिपोर्ट आला आणि तो पाहून कुणीतरी आकडा केसपेपरवर उतरवला हे तिसरं. आपल्या ओपीडींत या तीन पायऱ्यांमध्ये फार माणसं गळतात. म्हणून ऑडिटच्या तक्त्यात तीन वेगळे रकाने ठेवावेत आणि निकष पाळला असं तिसरा रकाना भरला असेल तेव्हाच म्हणावं. लॅबच्या वहीत आकडा आहे पण केसपेपरवर नाही, तर रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने तो नाहीच.

आपल्याकडची आणखी एक अडचण परदेशी नमुन्यांत सापडत नाही. अनेकदा रुग्ण येतच नाही. आई येते, भाऊ येतो, “तो बरा आहे, गोळ्या द्या” म्हणतो आणि महिन्याचं औषध घेऊन परततो. पहाटेची एसटी पकडून आलेल्या आईला रिकाम्या हाताने पाठवणं कुठल्याच डॉक्टरला जमत नाही, आणि जमूही नये. पण वजन तर आईचं करून चालणार नाही. अशा भेटींना तक्त्यात ‘नातेवाईक आले’ असा स्वतंत्र रकाना हवा. त्यांना गाळलं तर ओपीडीचं काम आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल, आणि नुसतं ‘वजन नाही’ लिहिलं तर दोष चुकीच्या माणसावर जाईल. मध्येच यायचे बंद झालेले रुग्णही असेच वेगळे दाखवावेत, गुपचूप वजा करू नयेत.

तक्ता भरणारा निवासी डॉक्टर एक, आणि चाळीसपैकी पाच फायली दुसऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा भरून पाहाव्यात. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोष फायलीत नसून निकषाच्या शब्दांत आहे असं समजावं. तक्त्यावर नाव नसावं, फक्त क्रमांक. उपचारात काही बदल न करता आपल्याच कामाची तपासणी करायची असल्याने याला सहसा संशोधनासारखी लांबलचक परवानगी लागत नाही, पण तो निर्णय संस्थेच्या नीतिमत्ता समितीला कळवून तिच्याकडूनच घ्यावा. निकाल पुढे कुठे छापायचा विचार असेल तर हे आधीच करायला हवं.

आता समजावण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. ४० रुग्णांपैकी सुरुवातीचं वजन १४ जणांचं सापडलं, साखर १८ जणांची, लिपिड नऊ जणांचे, आणि पहिला निकष पूर्ण पाळलेला आढळला तो पाच जणांच्या बाबतीत. सहा जणांची साखर वाढलेली होती, त्यांपैकी दोघांच्याच केसपेपरवर पुढे काही केल्याची नोंद होती. बाराव्या आठवड्याला ११ जणांच्या ऐवजी नातेवाईक आले होते.

इथे बहुतेक ठिकाणी एक सादरीकरण होतं, सगळे मान डोलावतात, ‘जागरूकता वाढवावी’ असा ठराव होतो आणि चहा येतो. अमेरिकेचा अनुभव पाहिला तर या ठरावातून काही निघत नाही हे कळतं. कारण शोधायला ओपीडीत एक सकाळ उभं राहावं. काटा डॉक्टरांच्या खोलीतल्या कपाटामागे असेल, तर आत गेलेला रुग्ण बोलेल, चिठ्ठी घेईल आणि बाहेर पडेल. काट्यावर कुणी चढणार नाही. तो काटा केसपेपरच्या खिडकीपाशी आणून ठेवला आणि आत सोडण्याआधी वजन लिहिणं सिस्टरच्या कामात घातलं, तर डॉक्टरांसमोर केसपेपर येईल तोच वजनासकट. केसपेपरवर एक रबरी शिक्का मारून घ्यावा, त्यात वजन, घेर, रक्तदाब, साखर आणि लिपिड यांच्यासाठी रिकाम्या चौकटी. रिकामी चौकट डोळ्यांना खटकते.

साखरेचा अडसर वेगळा असतो. साठ किलोमीटरवरून येणाऱ्याला ‘उद्या उपाशीपोटी या’ सांगणं म्हणजे तपासणी न करण्यासारखंच आहे. तो खाऊन आला असेल तर त्याच दिवशी एचबीए१सी करावं, त्याला उपाशी राहावं लागत नाही. मात्र ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे नुकतीच वर गेलेली साखर तिच्यात पूर्ण उतरत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर तिचा आकडा फसवाही निघतो, आणि आपल्याकडे अशी माणसं थोडी नाहीत. म्हणून पुढची तारीख देतानाच चिठ्ठीवर ‘उपाशी यावे, रुग्णाला आणावे’ असं ठळक लिहावं. नातेवाईकांच्या हाती गोळ्या जातील, पण बाराव्या आठवड्याला रुग्ण स्वतः हवा, हे समाजसेवा अधीक्षकांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना समजावून सांगावं.

हे बदल जुलै-ऑगस्टमध्ये झाले असं धरू. मग फेरऑडिट. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये औषध सुरू झालेले पुन्हा लागोपाठचे ४० रुग्ण घ्यायचे. त्यांचे बारा आठवडे आणि दोन आठवड्यांची सवलत भरायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडतो, तेव्हा फायली काढायच्या. तक्ता तोच, निकषांचे शब्द तेच, वगळण्याचे नियम तेच. मधल्या काळात ‘साखर तपासली’चा अर्थ सैल केला तर सुधारणा कागदावर आपोआप होते. तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव पहिल्याच प्रस्तावात लिहिलेलं असावं, कारण ज्या निवासी डॉक्टरने पहिलं ऑडिट केलं तो तोवर बहुधा दुसऱ्या युनिटला गेलेला असतो. बहुतेक ऑडिट इथेच संपतात.

समजा, फेरऑडिटमध्ये सुरुवातीचं वजन १४वरून ३१ जणांवर गेलं. हा बदल खरा मानायला हरकत नाही. १४चे १७ झाले असते तर तो योगायोगही असू शकला असता, चाळीसच्या नमुन्यात दोन-तीन रुग्णांचा फरक आपोआप पडतो. पण ३१ पाहून खूश होण्याआधी त्या ३१ फायली हातात घ्याव्यात. सगळ्यांचा रक्तदाब १२०/८० असेल, वजनं ५०, ५५, ६० अशीच गोल असतील, एकाच रुग्णाचं वजन तीन भेटींत दशांशालाही हललं नसेल, तर चौकट भरली आहे, माप घेतलेलं नाही. शिक्क्याचा हा दुष्परिणामच आहे. त्यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा कुणीतरी पाच रुग्णांना पुन्हा काट्यावर उभं करून आकडा ताडून पाहणं.

आणि चौथा निकष पाहावा. तपासण्या वाढल्या की बिघडलेले आकडेही जास्त सापडतात. समजा, आता ११ जणांची साखर वाढलेली आढळली आणि चार जणांच्या बाबतीतच काही केल्याची नोंद आहे. आधी सहापैकी दोन, आता अकरापैकी चार. प्रमाण जवळपास तिथेच आहे, आणि माहीत असून काही न केलेले रुग्ण चारचे सात झाले आहेत. ब्रिटनमध्ये हेलन लेस्टर या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता नेमका यासाठी वापरतात. प्रत्येक मापासमोर कोणत्या आकड्याला कोणतं पाऊल उचलायचं ते त्यात छापलेलं असतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असेल तर खात्री करून फिजिशियनकडे पाठवणं, १०० ते १२५ असेल तर आहार-व्यायामाचं बोलणं आणि लवकरची पुढची तारीख, वजन पाच टक्क्यांहून वाढलं तर औषध बदलता येईल का किंवा मेटफॉर्मिन जोडावं का याचा विचार. ‘विचार केला, पण आजार स्थिर असल्याने औषध बदललं नाही’ ही ओळही चौथ्या निकषात उत्तीर्ण धरावी. क्लोझापिनवरच सावरलेल्या माणसाचं औषध वजनापायी बदलणं शहाणपणाचं नसतं.

ब्रिटनच्या ज्या ऑडिटने सुरुवात केली ते रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या छत्राखाली सहा वर्षं फेऱ्या करत राहिलं. २०१२पर्यंत चारही तपासण्या झालेले रुग्ण दहातल्या एकावरून तिघांतल्या एकापर्यंत आले, म्हणजे सहा वर्षांनंतरही तिघांतले दोघे बाहेरच होते. ज्या प्रस्तावात एका फेरीत १०० टक्क्यांचं वचन दिलेलं असतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही. पहिल्या फेऱ्यात सुरुवातीचं वजन ८० टक्के आणि संपूर्ण पहिला निकष ५० टक्के एवढं उद्दिष्ट प्रामाणिक आहे.

तुमच्या घरात कुणाला या गोळ्या सुरू होणार असतील, तर ऑडिटची वाट पाहू नका. पहिली गोळी घेण्याआधी वजन करून तारखेसह फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्याच दिवशी साखर व लिपिडची चिठ्ठी मागा. तीन महिने दर महिन्याला वजन लिहा. महिन्यात वीसावा हिस्सा वाढला, तहान आणि लघवी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा, आणि काहीही झालं तरी त्यांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.